प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या बघ्यांसाठी

"मॅडम, मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये शिकवतो. सोमवारी प्रार्थना झाल्यावर मला सात-आठ मिनिटं बोलायचं आहे: एखाद्याला त्रास दिला जात असताना गप्प उभं राहून बघणं सगळ्यांनाच कसं बाधतं, आणि स्वतः अडचणीत न येता मुलांनी मध्ये कसं पडावं. अशी भाषणं दरवेळी उपदेश होऊन जातात आणि मुलं बुटाने माती उकरत उभी राहतात. नेमकं काय बोलू आणि कसं बोलू?"

आधी वेळ कमी करा. सात-आठ मिनिटं उभ्या मुलांना फार होतात. सहा मिनिटं धरा, म्हणजे सावकाश बोललात तर साधारण सहाशे शब्द. तेवढ्यात एकच प्रसंग मावतो आणि एकच पुरे असतो.

दुसरं, भाषण कुणाशी आहे ते ठरवा. आपण शिक्षक बहुतेक वेळा त्रास देणाऱ्याला उद्देशून बोलतो, "असं करणं चुकीचं आहे" वगैरे. तो रांगेत शेवटी उभा राहून मित्राला कोपर मारतो आणि सगळं त्याच्या डोक्यावरून जातं. ज्याला त्रास होतो त्याच्याशीही बोलू नका. "तू घाबरू नकोस" असं माइकवरून म्हटलं की चार माना त्याच्याकडे वळतात. तुमचं भाषण मधल्या मोठ्या घोळक्याशी आहे, जो कुणाला मारत नाही, मार खात नाही, फक्त बघतो आणि कधीकधी हसतो. फिनलंडमध्ये 1996 साली सालमिवाली आणि तिच्या सहकाऱ्यांनी वर्गातल्या मुलांच्या भूमिका वेगळ्या काढल्या: पुढाकार घेणारा, त्याला हातभार लावणारे, हसून पाठबळ देणारे, बाजूला राहणारे आणि त्रास होणाऱ्याची बाजू घेणारे. ही नावं मुलांना सांगायची गरज नाही. पण भाषण लिहिताना हसणारे आणि बाजूला राहणारे डोळ्यांसमोर ठेवा, कारण बदलण्याची शक्यता सगळ्यात जास्त त्यांच्यात असते.

तिसरं, प्रसंगात नाव घालू नका. तीनशे मुलांत कुठलंही नाव घेतलंत तरी त्या नावाचा एक जण रांगेत असतोच, आणि दुपारपर्यंत तो "भाषणातला" होतो. तुमच्या शाळेत नुकतंच घडलेलं काहीही घेऊ नका, थोडं बदलूनसुद्धा नाही. मुलं लगेच ओळखतात. मी खाली जो प्रसंग दिलाय तो दोन-तीन शाळांत पाहिलेल्या गोष्टी एकत्र करून रचलाय. आपल्या भागात तो कुठेही घडू शकतो, म्हणून तो वापरा. मी असं बोलले असते:

"मुलांनो, एक मुलगा होता, आठवीतला. लांबच्या खेड्यातून बसने शाळेला यायचा. घरी मराठी, गल्लीत मराठी, कन्नड फक्त शाळेत. एकदा कन्नडच्या तासाला बाईंनी त्याला उभं करून एक वाक्य वाचायला लावलं. बेक्कु हालु कुडियितु. मांजर दूध प्यालं. त्याने 'हालु'चं 'हल्लु' केलं. मांजर दात प्यालं! (इथे थांबा. मुलं हसतील. हसू द्या.) आत्ता तुम्ही हसलात तसाच तो वर्ग हसला. तोही हसला. त्यात काही वाईट नव्हतं.

मधल्या सुट्टीत नळावर एकाने हाक मारली, 'काय रे हल्लू, आज दात पिलास काय?' पुन्हा सगळे हसले. तोही हसला, पण थोडं कमी. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तीच हाक. तिसऱ्या दिवशी खो-खोच्या मैदानावर. दोन आठवड्यांनी त्याचं खरं नाव घ्यायचंच सगळे विसरले. मग तो हसायचा थांबला. मग त्याने नळावर जाणं बंद केलं. तहान लागली तरी घरी जाईपर्यंत तसाच राहायचा. मग तो पाच वाजताची बस सोडून सहाची पकडू लागला. कन्नडच्या तासाला बाईंनी उठवलं की उभा राहायचा, पण तोंड उघडायचा नाही. बाईंना वाटलं, याने अभ्यास केला नाही.

आता मला सांगा, हाक मारणारे किती जण होते? एक. फार तर दोन. आणि नळावर उभे किती? वीस. त्या वीस जणांपैकी बऱ्याच जणांना मनातून ते आवडत नव्हतं. पण प्रत्येकाने बाजूच्याकडे बघितलं. बाजूचा गप्प होता. म्हणून प्रत्येकाला वाटलं, यांना सगळ्यांना चालतंय, मलाच एकट्याला कसंतरी होतंय. वीस जण एकमेकांकडे बघून गप्प राहिले, आणि प्रत्येकाला वाटलं की आपण एकटेच आहोत.

त्या मुलाला काय दिसलं? त्याला वीस जणांच्या मनातलं दिसत नव्हतं. त्याला वीस चेहरे दिसले. त्याच्या हिशोबाने त्याला त्रास देणारे दोन नव्हते, बावीस होते.

आणि हाक मारणाऱ्याला काय दिसलं? त्यालाही वीस चेहरे दिसले. तो ती हाक कुणासाठी मारत होता? त्या मुलासाठी नाही, तुमच्यासाठी. तुम्ही हसलात तर त्याचं काम झालं. तुम्ही नुसते बघत राहिलात तरी त्याचं थोडं झालंच.

मग एक दिवस दोघांनी एक छोटी गोष्ट केली. हाक आली, 'ए हल्लू'. एक मुलगी हाक मारणाऱ्याकडे न बघताच म्हणाली, 'जुनं झालं रे ते आता.' रागाने नाही, कंटाळून. आणि एक मुलगा सरळ त्या आठवीतल्या मुलाजवळ गेला आणि त्याच्या खऱ्या नावाने म्हणाला, 'चल, बाटली भरून घेऊ.' दोघे नळाकडे गेले. एवढंच झालं. भांडण नाही, भाषण नाही.

तुम्हालाही तीन गोष्टी जमतील. पहिलं, हसू नका. दुसरं, एकटे जाऊ नका, एक मित्र घ्या, आणि त्रास देणाऱ्याच्या अंगावर न जाता ज्याला त्रास होतोय त्याच्या बाजूला जा. त्याला तिथून निघायला एक कारण द्या, पाणी, वही, घंटा, काहीही. तिसरं, मोठ्या माणसाला सांगा. कुणी म्हणेल ही चहाडी झाली. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चहाडी. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणं ही मदत. सांगताना 'तो वाईट आहे' असं सांगू नका. कुठे, कधी, किती वेळा, काय म्हणाला, एवढंच सांगा.

आणि काही वेळा मध्ये पडायचंच नाही. मारामारी चालू असेल, हातात दगड किंवा काही धारदार असेल, बाहेरची मोठी मुलं असतील, कुणी कुणाच्या अंगाला नको तसा हात लावत असेल, तर तिथे थांबू नका, धावत जवळच्या मोठ्या माणसाकडे जा. बसमध्ये कंडक्टरना सांगा. शाळेत कुणालाच सांगता येत नसेल तर 1098 हा नंबर लक्षात ठेवा. मुलांच्या मदतीसाठी आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीसुद्धा लागतो. आज मधल्या सुट्टीत मी नळाजवळ उभा आहे. कुणाला काही सांगायचं असेल तर पाणी प्यायला या."

एवढंच. शेवटी घोषणा, शपथ, "आजपासून आपण सर्वजण" असलं काही नको. शेवटचं वाक्य जागा आणि वेळ सांगणारं असू द्या.

आता या भाषणामागची कारणं सांगते, म्हणजे तुम्हाला त्यात बदल करायचे असतील तर काय हलवायचं आणि काय नाही ते कळेल.

"हालु-हल्लु"वर मुलांना हसू देणं मुद्दाम आहे. ते हसले की तेच त्या वर्गातले झाले, आणि पुढचे तीन परिच्छेद त्यांना स्वतःबद्दल ऐकावे लागतात. थट्टा आणि छळ यातली रेषाही व्याख्या न सांगता दाखवता येते. पहिलं हसणं थट्टा होती. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा झाली, समोरचा हसायचा थांबला, आणि थांबवणं त्याच्या हातात उरलं नाही, तेव्हा ती छळ झाली. मुलांना "छळ म्हणजे काय" सांगण्यापेक्षा "तो नळावर जायचा थांबला" हे जास्त पटतं. तुम्हाला स्वतःला ओळखायचं असेल तरी तीच खूण बघा. मुलाचा रस्ता, बस, डबा खायची जागा किंवा नळ बदलला की विचारा.

प्रसंग भाषेचा निवडलाय तोही आपल्या भागामुळे. इथे मराठी शाळेतली मुलंच एकमेकांना कन्नडवरून चिडवतात. शहरात वाढलेल्याला दोन्ही भाषा येतात, जंगलाकडच्या गावातून आलेल्याला एकच. पण प्रसंग सांगताना कन्नड विरुद्ध मराठी असा वास येऊ देऊ नका. हाक मारणारा मराठीच बोलतो हे वाक्यातच दिसू द्या. नाहीतर भाषण भलतीकडे जाईल आणि पालक दुसऱ्या दिवशी गेटवर येतील.

"वीस जण एकमेकांकडे बघून गप्प राहिले" हा भाषणाचा कणा आहे, तो कापू नका. 1968 साली अमेरिकेत लाताने आणि डार्ली यांनी एक प्रयोग केला होता. खोलीत बसलेला माणूस एकटा असेल तर भिंतीतून धूर येताना दिसला की तो बहुतेक वेळा उठून सांगायचा. पण बाजूला शांत बसलेले दोघे असतील तर बरेच जण तसेच बसून राहायचे, कारण बाकीचे शांत आहेत म्हणजे काही नसेल. आपल्या नळावर तेच होतं. म्हणूनच पहिला बोलणारा धाडसी असावा लागत नाही. "जुनं झालं रे" एवढं कुणीतरी म्हटलं की बाकीच्यांना कळतं, आपण एकटे नव्हतो.

आणि बोलून उपयोग होतो का, असं मोठी मुलं विचारतातच. टोरोंटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी पाहिलं. 2001 साली ते छापून आलं. त्रास देण्याच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. 19 टक्के प्रसंगांतच कुणी मध्ये पडलं. पण जिथे पडलं तिथे अर्ध्याहून अधिक वेळा, 57 टक्के, दहा सेकंदांच्या आत त्रास थांबला. हे पहिली ते सहावीच्या मुलांवरचं निरीक्षण आहे, दहावीच्या पोरांना जसंच्या तसं लावू नका. भाषणात हे आकडे घालू नका असंही म्हणेन. वर्गात कुणी विचारलं तर सांगा. दहा सेकंद हा आकडा मात्र मुलांच्या लक्षात राहतो.

बघणाऱ्यांना काय बाधतं, हा तुमच्या प्रश्नातला भाग मी भाषणात मुद्दाम हलका ठेवलाय. इंग्लंडमध्ये रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 12 ते 16 वयाच्या सुमारे दोन हजार मुलांना विचारून 2009 मध्ये जे मांडलं त्यात, ज्यांना स्वतःला त्रास झाला नव्हता पण ज्यांनी तो पाहिला होता, त्यांच्यातही अस्वस्थपणा आणि मनाचा ताण वाढलेला आढळला. हे खरं आहे. पण माइकवरून "तुमच्यावरही परिणाम होतो" म्हटलं की मुलांना ते स्वतःबद्दल वाटत नाही. त्यापेक्षा एकेकट्याशी बोलताना विचारा, "तुला त्या दिवशी कसं वाटलं?" मी विचारलंय. बहुतेक उत्तरं "भीती वाटली" अशी नसतात. "उद्या माझी पाळी येईल म्हणून मी हसलो" अशी असतात. म्हणजे जो हसतो तोही सुरक्षित नसतो, तो फक्त हप्ता भरत असतो.

बाजूला जा, अंगावर जाऊ नका, यावर कोणी अडून बसलं तरी तडजोड करू नका. पीटी सर म्हणतील, मुलांनी निर्भयपणे उभं राहायला शिकलं पाहिजे. बरोबर आहे, पण तुम्ही मुलांना "जाऊन त्याला अडवा" म्हणालात, एकाने अडवलं, आणि संध्याकाळी बसस्टँडवर तिघांनी त्याला गाठलं, तर तो तुमच्या भाषणाचा परिणाम असेल. शिवाय त्रास देणाऱ्याला सर्वांसमोर आव्हान दिलं की त्याला माघार घेता येत नाही, त्याचे बघे बघत असतात ना. कारण देऊन त्या मुलाला बाजूला नेलं की त्याच्या हातात भांडायला काहीच उरत नाही. नळ रिकामा होतो.

मोबाइलचं एक राहिलं, ते भाषणात नको, आठवी ते दहावीच्या वर्गात सांगा. व्हिडिओ काढून ग्रुपवर आला की प्रत्येक बघ्या पुन्हा नळावर उभा राहतो, या वेळी दोनशे जणांच्या घोळक्यात. नियम एकच ठेवा, पुढे पाठवायचं नाही, खाली हसणारं चिन्ह टाकायचं नाही, आणि मोठ्या माणसाला दाखवायचं. त्या व्हिडिओत कुणाच्या अंगाला हात लावण्याचं किंवा कपड्यांचं काही असेल तर ती तुमच्या आणि मुख्याध्यापकांच्या पातळीवर मिटवायची गोष्ट नाही. पोक्सो कायद्याखाली पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. आपसात मिटवलं म्हणून कळवलं नाही, हे कारण तिथे चालत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण भाषण चांगलं झाल्यावरच ती होते. खूप वर्षांपूर्वी एका शाळेत असंच बोलून झाल्यावर मला उत्साह आला आणि मी विचारलं, "कुणी असं पाहिलंय? हात वर करा." एक हात वर आला. सातवीतला पोरगा, नीटनेटका, पहिल्या रांगेतला. मी त्याला शाबासकी दिली. चार दिवस तो शाळेला आला नाही. नंतर कळलं की त्याच दिवशी बसमधून उतरताना त्याची पिशवी गटारात फेकली होती. माझ्या एका प्रश्नाने मी त्याला त्या घोळक्यातून उचलून दाखवून दिलं होतं. त्याच्या आईला मी भेटले, ती काही बोलली नाही, चहा दिला. त्या चहाची चव मला अजून आठवते. तेव्हापासून प्रार्थनेत मी एकही प्रश्न विचारत नाही ज्याचं उत्तर हात वर करून द्यायचं असतं.

म्हणून भाषणापेक्षा पुढचे पाच दिवस तयार ठेवा. पहिलं मूल येऊन काही सांगेल तेव्हा तुम्ही काय करता, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला माहीत असतं. त्याला स्टाफरूममध्ये बोलावू नका, तिथे दहा कान असतात. उभ्या-उभ्याच ऐका, लिहून घ्या, "मी तुझं नाव सांगणार नाही" असं म्हणा आणि ते पाळा. त्रास देणाऱ्याशी बोलताना "अमक्याने सांगितलं" नाही, "मी बघतोय" म्हणा, आणि ते खरं असावं म्हणून त्याआधी एक दिवस खरंच बघा. दोघांना समोरासमोर उभं करून "हात मिळवा" करायला लावू नका. भांडण बरोबरीच्या दोघांत असेल तर ते चालतं, इथे बरोबरी नसते. हात मिळवताना एकाने दुसऱ्याची बोटं कशी दाबली ते तुम्हाला दिसत नाही. आठवड्याने त्रास होणाऱ्या मुलाला एकट्याला विचारा, "आता नळावर जातोस?" उत्तर "हो" असेल तरी एकदा बघून या.

तक्रारपेटीबद्दल विचाराल तर, मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर लावलेली पेटी कुणी वापरत नाही. तिथे थांबणारा दिसतो. ग्रंथालयात, जिथे प्रत्येक जण काही ना काही कागद घेऊन येतोच, तिथे ठेवा, आणि किल्ली एकाच माणसाकडे. रोज उघडा. पहिले पंधरा दिवस त्यात "डब्यात भात कच्चा होता" अशाच चिठ्ठ्या येतील. त्यांनाही उत्तर द्या. पेटी उघडली जाते हे त्यातूनच मुलांना कळतं.

त्या आठवड्यात मधल्या सुट्टीचा चहा स्टाफरूममध्ये घेऊ नका. ग्लास हातात घेऊन नळाजवळ उभे राहा, बुधवारी आणि गुरुवारी तर नक्की, कारण सोमवारी कुणी येत नाही.